एक कंटेनर की चारशे खोकी?

जहाजावर माल चढला की शिपिंग कंपनी बिल ऑफ लेडिंग देते. व्यवहारात त्याला नुसते ‘बीएल’ म्हणतात. ती मालाची पोच असते, वाहतुकीच्या कराराचा पुरावा असतो आणि मालावरच्या हक्काचा कागदही असतो. मूळ बीएल हाती असणाऱ्यालाच पलीकडच्या बंदरात माल मिळतो. याच कागदावर नगांच्या संख्येचा एक रकाना असतो. माल बिघडला तर भरपाई किती मिळणार, हे बऱ्याचदा तोच ठरवतो.

वाहतूकदाराची जबाबदारी अमर्याद नसते. 1924 च्या हेग नियमांनी ती दर नगाला 100 पौंडांवर रोखली होती. 1968 च्या हेग-व्हिस्बी दुरुस्तीनंतर आणि 1979 च्या आणखी एका बदलानंतर दर नगाला 666.67 एसडीआर किंवा दर किलोला 2 एसडीआर, यांपैकी जास्त असेल ती मर्यादा झाली. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी चलन असून एक एसडीआर साधारण 1.3 ते 1.4 डॉलरचा असतो. भारतातून निघणाऱ्या मालालाही हीच मर्यादा लागू आहे.

समजा, न्हावाशेवाहून रॉटरडॅमला एका कंटेनरमधून यंत्रांचे सुटे भाग निघाले. खोकी 400, पॅलेट 20, वजन 12,000 किलो, किंमत दीड लाख एसडीआर. कंटेनरमध्ये समुद्राचे पाणी शिरून सगळा माल गेला आणि दोष वाहतूकदाराचा ठरला. बीएलवर ‘1 कंटेनर’ एवढेच असेल, तर अख्खा कंटेनर एक नग धरला जातो. मग वजनाचा हिशेब सरस ठरतो आणि मर्यादा 24,000 एसडीआर होते. ‘20 पॅलेट’ लिहिले तरी नगांप्रमाणे 13,333 च भरतात, म्हणजे पुन्हा 24,000 च. ‘20 पॅलेट, त्यांत 400 खोकी’ असे लिहिले असते, तर मर्यादा 2,66,668 वर गेली असती आणि दीड लाखांचे पूर्ण नुकसान त्यात बसले असते. मर्यादा कितीही मोठी असली तरी प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त रक्कम मिळत नाही.

मालाची किंमत बीएलवर जाहीर केली तर ही मर्यादा लागू होत नाही. पण त्यासाठी भाडे वाढते, म्हणून बहुतेक व्यापारी त्याऐवजी विमा उतरवतात आणि ते शहाणपणाचेच आहे. कारण जहाज हाकण्यात कप्तानाची चूक झाली, तर या नियमांनुसार वाहतूकदार मुळात जबाबदारच नसतो. शंभर वर्षांपूर्वी जहाजमालकांशी झालेल्या तडजोडीतली ही सूट आज जरा विचित्रच वाटते.

उलट, वाहतूकदाराने मुद्दाम नुकसान केले किंवा नुकसान होणार हे ठाऊक असून बेफिकिरी केली, तर त्याला मर्यादेचा आसरा मिळत नाही. मात्र हे सिद्ध करणे फार अवघड असते.

माल ताब्यात घेताना दिसलेली खराबी तिथेच लेखी कळवावी लागते, न दिसणारी तीन दिवसांत. दाव्याची मुदत माल मिळाल्यापासून एक वर्षाची. कंपनीशी नुसता पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ती वाढत नाही. मुदतवाढ लेखी घ्यावी.