प्रगतीपत्रकातील पायरी आणि तिच्याखालचा शेरा

बालवर्गाच्या प्रगतीपत्रकात प्रत्येक क्षमतेपुढे बहुधा तीन पायऱ्या छापलेल्या असतात. कुठे त्यांना प्रारंभिक, प्रगतिशील आणि प्रवीण म्हणतात, कुठे एक, दोन, तीन चांदण्या असतात. यामागे रुब्रिक असते, म्हणजे कोणती पायरी कधी द्यायची याचे ठरलेले वर्णन. ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलांना चाचणी आणि परीक्षा अयोग्य ठरवल्या आणि निरीक्षणावर भर दिला. त्यामुळे मुलाला जवळून पाहून पायरी ठरवणे हे शिक्षिकेचेच काम झाले. पायरी मात्र शिक्षिकेसाठी असते. पालकाच्या हातात पडलेला ‘प्रारंभिक’ हा शब्द घरी ‘नापास’ असाच वाचला जातो, म्हणून पायरीखाली शेरा लागतो.

महाराष्ट्रातील शिक्षकांना वर्णनात्मक नोंदी नव्या नाहीत. 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनामुळे पहिलीपासूनच्या वर्गांत त्या लिहिल्या जातात, आणि तेव्हापासून तयार नोंदींच्या याद्याही हातोहात फिरतात. उतरवून घेतलेली नोंद ओळखणे अवघड नसते. मुलीच्या पत्रकात ‘आनंदाने सहभागी होतो’ असे वाक्य सापडले की ते कुठून आले हे आईला लगेच कळते. त्याहून पक्की खूण म्हणजे तोच शेरा वर्गातल्या दुसऱ्या कोणत्याही मुलाच्या पत्रकात ठेवला तरी कुणाला खटकत नाही. शेऱ्यात ऊब येते ती या मुलाला कुणीतरी नीट पाहिले आहे याचा पुरावा वाचल्यावर. ‘गोड’, ‘गुणी’, ‘हुशार’ या विशेषणांनी ती येत नाही.

एक उदाहरण पाहू. क्षमता आहे कात्रीने कापण्याची. रुब्रिक साधारण असे असते: प्रारंभिक पायरीवरचे मूल कागदाच्या कडेला छोटे काप देते, प्रगतिशील पायरीवरचे मूल सरळ रेघेच्या आसपास पुढे कापत जाते, प्रवीण पायरीवरचे मूल कागद फिरवत वळणाकार आकार कापते. समजा, छोट्या गटातील मीरा सव्वाचार वर्षांची आहे आणि तिची पायरी प्रारंभिक आहे. शिक्षिकेच्या वहीत तीन प्रासंगिक नोंदी आहेत. जुलैमध्ये मीरा दोन्ही हातांनी कात्री धरत होती. ऑगस्टमध्ये ताईंनी अंगठा वरच्या छिद्रात घालून दिल्यावर तिने एका हाताने काप दिले. सप्टेंबरमध्ये पताकांना झालर करताना तिने स्वतःहून कात्री उचलली, पण काप पुढे नेताना मनगट आत वळले आणि कागद दुमडला.

यातून घाईत लिहिलेला शेरा असा होतो: ‘मीराला कात्री नीट वापरता येत नाही. सराव आवश्यक.’ हे खोटे नाही, पण तीन महिन्यांत झालेली वाटचाल त्यात पुसली जाते. उलट ‘मीराची प्रगती छान आहे’ असे लिहिले, तर पायरीच लपते आणि पुढच्या वर्षी आईवडिलांना धक्का बसतो. वहीतल्या नोंदींवरून शेरा असा लिहिता येतो:

‘मीरा आता एका हाताने कात्री धरून कागदाच्या कडेला काप देऊ लागली आहे. पताकांची झालर तिने स्वतःहून कापली. रेघेवरून पुढे कापताना तिला कागद धरायला अजून मदत लागते. घरी मटार सोलणे, मेथी निवडणे, कणकेचे छोटे गोळे वळणे अशी कामे तिला जरूर द्या. त्याने बोटांत जोर येईल.’

या शेऱ्यात आज जमणारी गोष्ट, ती जिथे दिसली तो प्रसंग, अजून लागणारी मदत आणि घरी करण्याजोगे काम आहे. घरचे काम घरात आधीच चालू असलेल्यांपैकी असावे. सरावपुस्तिका विकत आणायला सांगितले की शेऱ्याचा गृहपाठ होतो.

पायरी आणि वाक्य जुळवताना मराठी क्रियापदांची मोठी मदत होते. पहिल्या पायरीला ‘आधार दिला की करते’, ‘करून पाहते’; मधल्या पायरीला ‘करू लागली आहे’, ‘बहुतेक वेळा जमते’; वरच्या पायरीला ‘न सांगता करते’, ‘दुसऱ्याला दाखवते’. पायरीचे नाव न घेताही पालकांना मूल कुठे आहे ते यातून नेमके कळते. उभयान्वयी अव्ययांकडेही लक्ष हवे. ‘गाणी आवडीने म्हणते, पण गोष्ट सांगत नाही’ या वाक्यातला ‘पण’ आधीचे कौतुक खाऊन टाकतो. ‘गाणी आवडीने म्हणते. गोष्ट सांगताना चित्र दाखवले की दोन-तीन वाक्ये बोलते’ यात माहिती तीच आहे, शिवाय मुलीला बोलते कसे करायचे तेही आले.

वरच्या पायरीचा शेरा अनेकदा सर्वांत पोकळ असतो, कारण तिथे लिहिण्यासारखे काही उरले नाही असे वाटते. ‘उत्कृष्ट’ या शब्दाने पालकांना काहीच कळत नाही. ‘दहापर्यंतच्या वस्तू एकेक बोट ठेवून मोजतो. डब्यातल्या बिया मित्राला वाटून देताना “तुला एक कमी पडली” हे त्याने स्वतः ओळखले’ असे लिहिले की मुलगा आकडे नुसते पाठ म्हणत नाही, त्याला संख्या कळू लागली आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

सामाजिक आणि भावनिक क्षमतांत चूक सर्वांत लवकर होते. तिथे मुलाच्या वागण्याऐवजी त्याच्या स्वभावावर शिक्का बसतो: हट्टी, लाजाळू, भांडखोर. उपाय म्हणजे दिसलेले तेवढेच लिहायचे. ‘हट्टी आहे’ याऐवजी ‘खेळणे परत द्यायची वेळ आली की त्याला राग येतो. पाच मिनिटे आधी सांगितले तर बहुतेक वेळा स्वतः ठेवून येतो’. घरी अहिराणी, वऱ्हाडी किंवा भिली बोलणारे मूल वर्गात गप्प असेल, तर भाषाविकासाची पायरी लावण्याआधी ते त्याच्या भाषेत किती बोलते याची आजीकडे चौकशी करावी. प्रमाण मराठीत गप्प राहणे म्हणजे भाषा न येणे नव्हे, आणि तशी नोंद अन्यायकारक ठरते.

तुलना तर कोणत्याही पायरीला नको. ‘इतर मुलांपेक्षा मागे’ याऐवजी त्याच मुलाचा जूनमधला आणि आताचा फरक लिहावा. त्यासाठी नोंदींना तारखा हव्यात. तीस मुलांच्या वर्गात रोज सर्वांच्या नोंदी होणार नाहीत. रोज दोन मुलांवर लक्ष ठेवून दोन ओळी लिहिल्या, तर शाळेच्या पंधरा दिवसांत सगळा वर्ग एकदा पाहून होतो आणि सहामाहीला प्रत्येक मुलाचे चार-पाच प्रसंग हाताशी असतात.

मृदू भाषेला एक मर्यादा आहे. चार वर्षांच्या मुलाचे बहुतेक बोलणे बाहेरच्या माणसाला समजत नसेल, हाक मारल्यावर ते वारंवार वळून पाहत नसेल, किंवा पूर्वी येणारी गोष्ट त्याला आता येईनाशी झाली असेल, तर ‘हळूहळू बोलू लागेल’ असा शेरा लिहून चालत नाही. अशी गोष्ट पालकांना पहिल्यांदा कागदावर वाचायला लागू नये. आधी त्यांना भेटायला बोलवावे, पाहिलेले दोन-तीन प्रसंग तारखांसह सांगावेत, घरी काय दिसते ते विचारावे आणि कान व वाचा तपासून घेण्यास सुचवावे. निदानाचा शब्द शिक्षिकेने उच्चारू नये. तो डॉक्टरांचा अधिकार आहे. पत्रकात त्यानंतर एवढेच लिहावे: ‘बोलण्याविषयी आपण 12 तारखेला बोललो. तपासणी झाली की कळवा, वर्गात काय बदल करायचे ते मिळून ठरवू.’