23 ओळी, 19 माणसं

मार्च संपला की कारखान्यांच्या एचआर विभागात अप्रेझलच्या फॉर्मचे गठ्ठे येऊन पडतात. फॉर्मच्या तळाशी ‘प्रशिक्षणाची गरज’ असा एक रकाना असतो आणि सुपरवायझरने त्यात घाईघाईत चार शब्द लिहिलेले असतात. ‘मेजरिंगमध्ये चुका’, ‘क्वालिटीकडे लक्ष द्यावे’, ‘व्हर्निअर शिकवणे’. वर्षभरात कुणाला काय शिकवायचं, हे या चार शब्दांवरून ठरवायचं असतं.

समजा, 62 कामगारांचं एक मशीन शॉप आहे. पहिलं काम म्हणजे फॉर्ममधली प्रत्येक उणीव एक्सेलमध्ये वेगळ्या ओळीत उतरवायची. एकाच माणसाच्या तीन उणिवा असतील तर ओळीही तीन. ओळीत कामगाराचा नंबर, विभाग, शिफ्ट, फॉर्म भरणाऱ्याचं नाव आणि सुपरवायझरचे शब्द जसेच्या तसे. शब्द सुधारून घ्यायचा मोह आवरावा, कारण पुढे शंका आली की मूळ शब्दच लागतात. आपल्या शॉपमध्ये अशा 90 ओळी झाल्या.

यातल्या सगळ्याच ओळी ट्रेनिंगच्या नसतात. रॉबर्ट मेजर आणि पीटर पाइप यांनी 1970 साली आपल्या पुस्तकात एक कसोटी मांडली. जिवावर बेतलं तर या माणसाला हे काम करता येईल का? येत असेल, तर त्याला शिकवून उपयोग नाही, अडचण दुसरीकडे आहे. ‘उशिरा येतो’ ही ओळ इथेच बाजूला पडते. ‘गेज न लावताच पार्ट पुढे सोडतो’ हीसुद्धा पडते, जर चार मशीनना मिळून गेज एकच असेल तर. अशा ओळी पुसून टाकू नयेत. त्या प्रॉडक्शन मॅनेजरकडे द्याव्यात.

आता खरं डोक्याचं काम. मोजमापाबद्दलच्या निरनिराळ्या शब्दांतल्या 23 ओळी एकत्र आल्या. त्या एकाच नावाखाली घालायच्या की नाही? मी एकच प्रश्न विचारतो. ही सगळी माणसं एका वर्गात बसून, तेच शिकून, शेवटी तीच परीक्षा देऊ शकतील का? याचं उत्तर कागदावर मिळत नाही, सुपरवायझरला मशीनपाशी गाठावं लागतं. शेवटची चूक नेमकी काय झाली, असं विचारलं की तो दाखवतो. एका ऑपरेटरने 24.46 मिलिमीटरचा पार्ट 24.23 लिहिला होता. व्हर्निअरची 23वी रेघ जुळत होती. तिला 0.02 ने गुणायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने रेघांचा आकडा तसाच पुढे जोडला. दुसऱ्याला व्हर्निअर उत्तम येतो, पण बोअर गेज तो वाकडा धरतो. दोघांच्याही फॉर्मवर शब्द एकच, ‘मेजरिंग’. या दोघांना एका वर्गात बसवलं तर एकाचा दिवस फुकट जाणार.

मग मोजणी. इथे हमखास चूक होते ती ओळी मोजण्याची. चार जणांच्या फॉर्मवर ‘व्हर्निअर’ही होतं आणि ‘मोजमापात चुका’ही. म्हणून ओळी 23, पण माणसं 19. कौशल्याचं नाव ठरल्यावर कामगार नंबर आणि कौशल्य हे दोन रकाने निवडून एक्सेलमधलं Remove Duplicates चालवलं की दुहेरी ओळी गळतात. मूळ यादीची प्रत आधी वेगळी ठेवावी. शेवटी व्हर्निअर-मायक्रोमीटर 13 जण आणि बोअर गेज 6 जण, अशा दोन नोंदी झाल्या. शिफ्टचा रकाना लावला तेव्हा दिसलं की 13 पैकी 8 जण दुसऱ्या शिफ्टचे आहेत. सकाळी दहाचा वर्ग ठेवला असता तर त्यांना झोप सोडून यावं लागलं असतं. तो वर्ग दुपारीच हवा.

यादी फॉर्म भरणाऱ्याच्या नावानेही एकदा लावून पाहावी. एकाच सुपरवायझरच्या अकराच्या अकरा फॉर्मवर ‘कम्युनिकेशन स्किल’ आलं असेल, तर तिथे अकरा माणसांची गरज नसून एका माणसाची घाई आहे. ते फॉर्म परत पाठवावेत. कोऱ्या रकान्याचंही तेच. कोरा म्हणजे सगळं येतं, असं धरू नये.

मोठा आकडा वर, लहान खाली, अशी यादी लावून मोकळं होणं मला धोक्याचं वाटतं. क्रेन चालवणारा एकच माणूस असेल आणि त्याला लोड बांधण्याचे नियम माहीत नसतील, तर त्या ‘1’ची जागा 13 च्याही वर. म्हणून संख्येशेजारी ‘न शिकवल्यास काय होईल’ असा एक रकाना हवाच.

आयएसओ 9001:2015 च्या 7.2 कलमानुसार प्रशिक्षण देऊन भागत नाही, त्याचा उपयोग झाला का हेही तपासावं लागतं. ‘क्वालिटीकडे लक्ष द्यावे’ या गरजेची तपासणी कशी करणार? ‘व्हर्निअर वाचता येत नाही’ याची होते, दहा पार्ट हातात देऊन. तुमच्याकडे यंदा कुणाचा फॉर्म भरायला आला, तर त्या रकान्यात काम आणि हत्यार यांची नावं तेवढी लिहा.