पाचांतला खरा वाटणारा फोटो

जुलैतली दुपार, पाऊस नुकताच थांबलाय, आभाळ भरलेलंच आहे. कोकणातल्या घराच्या ओट्यावर पांढऱ्या धोतरातले आजोबा आणि लाल लुगड्यातली आजी बसली आहेत. मागे जांभ्याचा गडगा, त्यापलीकडे नुकती लावणी झालेलं भाताचं खाचर. नातवाने हा फोटो फोनवरून काढला, त्याला चार फिल्टर लावले आणि मूळ फोटोसकट पाचही घरच्यांपुढे ठेवले. फ्रेम करायला कोणता द्यायचा?

बहुतेकांचं बोट पहिल्या झटक्यात सर्वांत भडक फोटोवर जातं. यात कुणाच्या रसिकतेचा दोष नाही. रंगशास्त्रज्ञ सी. जे. बार्टलसन यांनी १९६० साली दाखवून दिलं, की गवत, आकाश, त्वचा अशा ओळखीच्या गोष्टींचे रंग आपल्या आठवणीत प्रत्यक्षापेक्षा अधिक गडद होऊन बसतात. त्यातून भडक फोटो आधी पाहिला की डोळा त्याला सरावतो आणि शेजारचा साधा फोटो फिका, आजारी दिसू लागतो. म्हणून पाचही एकदम पाहू नयेत. दोन-दोन घ्यावेत, त्यातला एक बाद करावा आणि उरलेल्याची गाठ पुढच्याशी घालावी. मध्ये थोडा वेळ फोन बाजूला ठेवून खिडकीबाहेर पाहिलं तर डोळा पूर्वपदावर येतो. रात्री फोनचा पडदा पिवळसर करणारी सोय चालू असेल तर ती आधी बंद करावी, नाहीतर सगळा निवाडाच पिवळा होतो.

आता एकेक फोटो पाहू. ‘व्हिव्हिड’ फिल्टरने खाचर पोपटी झालं आणि आजीचे गालही तांबारले. “मी एवढी लाल कुठे होते रे?” असं आजीने विचारलं, ते रास्तच होतं. पण खरी खोट लुगड्यात आहे. डिजिटल फोटोत लाल, हिरवा आणि निळा यांची प्रत्येकी ० ते २५५ अशी मापं असतात. लाल आधीच वरच्या टोकाला असताना तो आणखी चढवला की २५५ला जाऊन अडकतो, शेजारशेजारच्या छटा एकच होतात आणि निऱ्यांच्या जागी सपाट लाल डाग उरतो. फोटो मोठा करून लाल कापडाच्या चुण्या मोजता येतात का ते पाहावं. मूळ फोटोत दिसणाऱ्या चुण्या इथे गायब असतील तर तो बाद.

‘वॉर्म’मध्ये सगळ्यावर सोनेरी झाक आली. पहिल्या नजरेला छान दिसतं, पण सावल्या पाहा. ढगाळ हवेत उजेड सगळीकडून येतो, त्यामुळे खांबाला ठळक सावलीच नाही. सोनेरी ऊन तिरपं येतं आणि लांब सावली पाडतं. ऊन आहे पण सावली नाही, ही विसंगती नाव ठेवता आलं नाही तरी डोळ्याला खटकतेच. धोतरही हळदीत बुडवल्यासारखं झालंय.

‘ड्रामॅटिक’मध्ये कौलांच्या कडेने आकाशात फिकट पट्टा उमटला आहे आणि पडवीचा आतला कोपरा अंगणाइतका उजळ झालाय. आतला कोपरा बाहेरच्यापेक्षा काळोखा असायलाच हवा. जुन्या फोटोसारखा दिसणारा चौथा फिल्टर याच्या उलट वागतो. तो काळ्याला राखाडी करतो. आजीच्या मंगळसूत्राचे मणी पाहिले की ते लगेच कळतं.

मग मूळ फोटोच बिनफिल्टरचा म्हणून घ्यायचा का? तसंही नाही. फोनने तो टिपतानाच त्याच्यावर प्रक्रिया केलेली असते, आणि ढगाळ उजेडामुळे यातलं धोतर किंचित निळसर उतरलंय. डोळ्याला प्रत्यक्षात ते पांढरंच दिसलं होतं, कारण मेंदू उजेडाचा रंग वजा करून पाहतो. तेव्हा ‘वॉर्म’च घ्यावा, पण त्याची पट्टी मागे ओढून चतुर्थांशावर आणावी. धोतराची निळी झाक जाते आणि पिवळी यायच्या आत थांबायचं. खाचर, गडगा आणि चेहरा यांना वेगळं काही करावं लागत नाही. पांढरं जमलं की बाकीचे बहुधा आपोआप जागेवर येतात.

ही पांढऱ्याची खूण लग्नाच्या मांडवात मात्र फसवते. तिथे गुलाबी-जांभळ्या दिव्यांखाली पांढरा सदरा खरोखरच गुलाबी दिसत होता. तो हट्टाने पांढरा केला, तर नवरानवरीचे चेहरे हिरवट पडतात आणि मांडवाची रात्रही नाहीशी होते. तिथे गुलाबी अर्ध्यावर आणावा आणि मांडवात हजर असलेल्या माणसाला विचारावं.