ॲपच्या जाहिरातीचा खर्च भरून येतो का?

मोबाइलचे ॲप प्ले स्टोअरवर ठेवले म्हणजे ते आपोआप लोकांपर्यंत पोहोचते असे नाही. त्यासाठी अनेक लहान उद्योजक जाहिरातीची मोहीम चालवितात. मोहिमेच्या खर्चास तिच्यामुळे झालेल्या इन्स्टॉलच्या संख्येने भागले असता दर इन्स्टॉलचा खर्च निघतो. परंतु तो परवडतो की नाही, हे त्या ग्राहकांकडून होणाऱ्या उत्पन्नाशी ताडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

हिशेबाची रीत

उदाहरणादाखल, शालेय गणिताच्या कोड्यांचे एक मोफत ॲप घेऊ. त्यात दाखविल्या जाणाऱ्या जाहिराती हेच त्याचे उत्पन्नाचे साधन आहे. मोहिमेवर ४०,००० रुपये खर्चून ५,००० इन्स्टॉल झाले. म्हणजे दर इन्स्टॉलला ८ रुपये पडले. या ५,००० जणांचा गट वेगळा ठेवून त्याचे उत्पन्न दिवसागणिक मोजावे लागते. आपणहून आलेले ग्राहक सहसा अधिक काळ टिकतात. त्यांची सरमिसळ झाल्यास मोहीम आहे त्याहून फायदेशीर भासते.

या गटातील दर ग्राहकामागे ३० दिवसांत ५ रुपये, ९० दिवसांत सुमारे ८ रुपये आणि १८० दिवसांत १० रुपये मिळाले, असे समजू. बहुतेक लोक पहिल्या आठवड्यातच ॲप सोडून देत असल्याने उत्पन्नाचा वेग पुढे मंदावत जातो. येथे खर्च भरून येण्यास तीन महिने लागतात. जाहिरातीचे बिल मात्र त्याआधीच भरावे लागते. तेवढे भांडवल हाताशी नसल्यास फायद्याची मोहीमही मध्येच बंद पडते.

सरासरीचा चकवा

उत्साहाने खर्च ८०,००० रुपयांवर नेला आणि एकूण इन्स्टॉल ८,००० झाले. आता सरासरी खर्च १० रुपये, म्हणजे सहा महिन्यांच्या उत्पन्नाइतका. वरकरणी तोटा दिसत नाही. परंतु वाढीव ४०,००० रुपयांत केवळ ३,००० इन्स्टॉल मिळाले. त्यांचा दर १३ रुपयांहून अधिक पडला. ज्यांना ॲपची गोडी आहे ते लोक आधीच मिळालेले असतात. पुढचे अधिक महाग पडतात व बहुधा कमी टिकतात. पहिल्या टप्प्यातील नफा दुसऱ्या टप्प्यातील तोट्यात असा विरून जातो.

म्हणून खर्च लहान टप्प्यांनी वाढवावा आणि प्रत्येक वाढीव टप्प्याचा दर स्वतंत्र काढावा. एखाद्या माध्यमातून स्वस्त इन्स्टॉल भरपूर आले, पण दुसऱ्या दिवशी जवळजवळ कोणीच ॲप उघडले नाही, तर ते इन्स्टॉल बनावट असण्याचा संभव असतो. तेथील खर्च थांबवून चौकशी करावी. नव्या ॲपच्या बाबतीत १८० दिवसांचे उत्पन्न हा केवळ अंदाज असतो. तो दरमहा प्रत्यक्ष आकड्यांशी पडताळून पाहावा आणि तोवर खर्चाची मर्यादा त्याहून खालीच ठेवावी.