कारकुनाचा परिचय

निवृत्त कारकुनाकडे सत्कारासाठी परिचय मागितला, की बहुधा चार ओळींचा कागद हाती येतो. जन्मतारीख, शिक्षण, नोकरीला लागल्याचे साल, निवृत्तीचे साल. समितीतले लोक याला संकोच म्हणतात, पण खरे कारण सेवापुस्तकात असते. नेमणूक, वेतनवाढ, बदली, बढती, रजेचा हिशेब आणि दरवर्षीची सेवा पडताळणी एवढेच त्यात नोंदलेले असते. टेबलावर काम काय झाले, याला तिथे रकानाच नाही. तीस-पस्तीस वर्षे त्या पुस्तकानुसार मोजला गेलेला माणूस स्वतःलाही त्याच रकान्यांत पाहू लागतो.

उदाहरणादाखल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून निवृत्त झालेल्या एका अव्वल कारकुनाची गोष्ट घेता येईल. गावच्या वाचनालयाने त्यांचा सत्कार ठरवला आणि मानपत्रासाठी पानभर मजकूर मागितला. त्यांनी चार ओळी दिल्या. मजकूर लिहिण्याचे काम ज्या शिक्षिकेकडे होते, त्यांनी एकच प्रश्न विचारला: “काका, तुम्ही कक्षात आलात तेव्हा काय नव्हतं, आणि निघालात तेव्हा काय होतं?” काका थोडा वेळ थांबून म्हणाले, “कोतवाल बुकांची यादी नव्हती. ती केली.”

या शब्दांचे वजन कळायला कोतवाल बुक म्हणजे काय ते पाहावे लागते. गाव नमुना 14, म्हणजे गावची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही. तिच्यात वडिलांच्या नावापुढे जात लिहिलेली असे. जातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे पडताळणीसाठी जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. ज्या घरात आजोबा शाळेतच गेले नाहीत, तिथे शाळेचा दाखला मिळणार कुठून? मग बऱ्याचदा कोतवाल बुकातली एक ओळच उरते.

ती ओळ सापडणे मात्र कठीण. वह्या रुमालांत बांधलेल्या, गावे एकमेकांत मिसळलेली, कित्येक पाने मोडीत. त्यात जन्माची नोंद बारशाआधी झालेली असे, त्यामुळे बाळाचे नाव नसते. बापाचे नाव आणि पुढे नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. आडनावही पुष्कळदा गाळलेले. अर्जदार आजोबांच्या नावाने शोध मागतो आणि ते नाव वहीत कुठेच नसते. अशा वेळी अर्जावर ‘अभिलेख आढळून येत नाही’ असा शेरा पडतो, आणि वही दोन हातांवरच्या फळीवर असूनही कुटुंबाचा पुरावा नाहीसा होतो.

काकांनी पुराभिलेख विभागाच्या वर्गात मोडी शिकून घेतली. मग रोज कचेरी सुटल्यावर एकेक रुमाल सोडून गाववार नोंदवही तयार केली. गाव, साल, बापाचे नाव, आजाचे नाव असल्यास तेही, आणि रुमालाचा क्रमांक. शोध आता आजोबांच्या नावाऐवजी पणजोबांच्या नावाने घेता येऊ लागला. जे अक्षर लागले नाही तिथे त्यांनी अंदाज लिहिला नाही, प्रश्नचिन्ह टाकून पान क्रमांक दिला. अभिलेखाचे काम जाणणाऱ्याला ही प्रश्नचिन्हे सगळ्यांत मोलाची वाटतील. चुकीचे वाचलेले एक नाव पुढच्या पडताळणीत एखाद्या मुलाचा प्रवेश अडवू शकते.

शिक्षिकेने काकांच्या शब्दावर विसंबून मजकूर लिहिला नाही. कार्यालयाच्या परवानगीने तिने नक्कल अर्जांची नोंदवही चाळली. यादीच्या आधीच्या पानांवर नकाराचा तो शेरा खाली खाली उतरत गेलेला दिसत होता. नंतरच्या पानांवर तो तुरळक होता आणि त्याच्या जागी ‘नक्कल दिली’ असे होते. शिवाय कार्यभार सोपवल्याच्या यादीत ‘कोतवाल बुक सूची’ अशी नोंद सापडली. नंतर आलेले कारकून तीच सूची वापरत होते. कुणाचे नाव नसलेल्या कामाचा माग असाच, दुसऱ्यांच्या रोजच्या नोंदींत लागतो.

पहिल्या मसुद्यात ‘हजारो विद्यार्थ्यांना न्याय मिळवून दिला’ असे वाक्य आले होते. काकांनी ते खोडले. दाखला देणारा अधिकारी वेगळा, पडताळणी करणारी समिती वेगळी, आणि सूचीमुळे नेमके किती दाखले निघाले हे कुठेच मोजलेले नाही, असे त्यांनी सांगितले. ते बरोबरच होते. नकला मागणाऱ्या कुटुंबांची नावेही त्यांनी गाळायला लावली, कारण जातीची नोंद सभेत वाचून दाखवायची गोष्ट नव्हे.

अखेर मानपत्रात सेवेच्या तारखा दोन ओळींत आटोपल्या. उरलेल्या पानावर सूचीतली गावे, तिच्यातले रकाने, मोडीचा वर्ग, ज्या शिपायाने रुमाल उतरवून झटकून दिले त्याचा उल्लेख, आणि प्रश्नचिन्ह टाकलेल्या नोंदी अजून वाचायच्या राहिल्या आहेत, हेही लिहिले गेले. शिपायाचा उल्लेख काकांच्या आग्रहाने आला.