गणपतीच्या पंधरवड्याचा रजेचा तक्ता आणि त्यासोबतची मेल

गणपती जवळ आले की टीममधलं कुणीतरी एक जण रजांचा तक्ता करून टीम लीडला पाठवतो. यंदा ते काम आपल्याकडे आलं असेल, तर तक्ता कसा करायचा आणि सोबत मेलमध्ये काय लिहायचं, ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण २०२५ च्या गणेशोत्सवाचं घेतलं आहे, कारण त्या वर्षी बहुतेक सगळ्या अडचणी एकाच पंधरवड्यात आल्या होत्या. टीम आणि नावं काल्पनिक आहेत. ग्राहकांचे फोन घेणारी आठ जणांची टीम, त्यातले सहा मुंबईत आणि दोघं पुण्यात.

पहिलं काम तारखांचं. कुणाला रजा कधी हवी हे विचारण्याआधी सणाच्या तारखा कागदावर मांडा. त्या वर्षी हरतालिका मंगळवारी २६ ऑगस्टला होती, गणेश चतुर्थी बुधवारी २७ ला. दीड दिवसाचं विसर्जन २८ ला. गौरी रविवारी ३१ ला आल्या, सोमवारी १ सप्टेंबरला जेवल्या आणि मंगळवारी २ ला गेल्या. अनंत चतुर्दशी शनिवारी ६ सप्टेंबरला. म्हणजे सोमवार २५ ऑगस्ट ते रविवार ७ सप्टेंबर असा नेमका पंधरवडा. या ओळीवर एकदा नजर टाकली तरी कळतं की खरी ओढाताण चतुर्थीला होणार नाही, कारण त्या दिवशी सुट्टीच आहे. ती होणार १ आणि २ सप्टेंबरला. कामाचे दिवस, आणि घरोघरी गौरी.

दुसरं काम, प्रत्येक दिवशी कमीत कमी किती माणसं लागतात ते टीम लीडला आधीच विचारून घेणं. आपल्या उदाहरणात कामाच्या दिवशी चार, शनिवारी आणि सुट्टीच्या दिवशी दोन. हा आकडा हाती नसेल तर तक्ता म्हणजे नुसती यादी होते. कोण नाही ते त्यातून कळतं, पण काम चालेल की नाही ते कळत नाही.

रजा विचारायची वेळ लोकांच्या अंदाजापेक्षा बरीच आधी येते. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. शनिवारी २३ ऑगस्टच्या गाडीने कोकणात जायचं असेल, तर तिकीट २४ जूनला काढावं लागतं, आणि ते काही मिनिटांत संपतं. जुलै संपताना रजा विचारल्या, तर निम्म्या लोकांनी तिकीट काढून झालेलं असतं आणि मग कुणाचीच तारीख हलत नाही. म्हणून जूनच्या मध्यालाच विचारा.

विचारताना एक प्रश्न मुद्दाम घाला: “कामावर परत कोणत्या तारखेला?” नुसतं “रजा कधीपर्यंत?” विचारलं की माणूस सणाचा शेवटचा दिवस सांगतो. आपल्या तेजसने २६ ऑगस्ट ते २ सप्टेंबर असं कळवलं. पण २ ला संध्याकाळी चिपळूणला गौरी-गणपती पोचवून तो रात्रीच्या बसने निघणार, आणि महामार्गावरच्या गर्दीतून ठाण्याला पोचता पोचता ३ तारीख उजाडून दुपार होणार. म्हणजे ३ चीही रजा. प्रवासाचा दिवस गळणं ही या तक्त्यातली सगळ्यात नेहमीची चूक आहे, आणि ती ३ तारखेला सकाळी फोन वाजायला लागल्यावरच कळते.

रजेचं कारण मात्र विचारू नका आणि तक्त्यात तो रकाना ठेवू नका. ही फाइल पुढे दहा जणांकडे जाते. कुणाचं आजारपण, कुणाची घरगुती अडचण तिथे दिसायचं काही कारण नाही. शिवाय कारणं लिहिली की कुणाची रजा जास्त खरी याची तुलना सुरू होते. ज्याच्या घरी गणपती नाहीत त्याला सगळ्या तारखांना गृहीत धरलं जातं, तेही इथूनच. आपल्या टीममध्ये २७ ऑगस्टच्या सुट्टीला फरीदा आणि अँथनी यांनी फोन सांभाळायचं कबूल केलं. त्या बदल्यात त्यांना प्रत्येकी एक बदली रजा मिळते. ती तक्त्यात रजेइतक्याच ठळकपणे दिसली पाहिजे.

आता तक्ता. उभ्या ओळीत नावं, आडव्या ओळीत तारखा. प्रत्येक घरात एकच खूण: ‘ह’ म्हणजे हजर, ‘र’ रजा, ‘ब’ बदली रजा, ‘सु’ सार्वजनिक सुट्टी. घर रिकामं सोडू नका. रिकाम्या घराचे दोन अर्थ होतात, माणूस हजर आहे किंवा त्याने अजून कळवलेलंच नाही, आणि टीम लीड नेहमी पहिला अर्थ घेते. उत्तर आलं नसेल तर प्रश्नचिन्ह घाला.

नावांच्या खाली ‘हजर’ अशी ओळ घ्या. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये नावं दुसऱ्या ओळीपासून नवव्या ओळीपर्यंत असतील, तर पहिल्या तारखेखाली हे सूत्र लिहा आणि उजवीकडे ओढा:

```
=COUNTIF(B2:B9,"ह")
```

हे सूत्र त्या रकान्यातले ‘ह’ मोजतं. मात्र फक्त ‘ह’ असलेलं घरच मोजतं. कुणी ‘ह’ लिहून पुढे स्पेस दिली असेल, तर डोळ्यांना फरक दिसत नाही आणि मोजणीतून तो माणूस गळतो. आकडा एकाने कमी वाटला तर आधी हेच तपासा. अर्ध्या दिवसाची रजा असेल तर अर्धा माणूस मोजायच्या फंदात पडू नका. दोघांची अर्धी रजा सकाळचीच असेल, तर बेरजेत एक माणूस दिसतो आणि सकाळी प्रत्यक्षात कुणीच नसतं. असा माणूस हजेरीत न धरता खाली टीप लिहावी.

तारीख ५/९ अशी लिहू नका. काही संगणकांवर महिना आधी असतो आणि ५ सप्टेंबरचा ९ मे होतो. ‘५ सप्टें.’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

आपल्या टीमचा तक्ता भरल्यावर १ सप्टेंबरला पाच जण रजेवर निघाले: संदेश, तेजस, मनीषा, रूपाली आणि बदली रजेवर अँथनी. हजर तीन, लागतात चार. इथे लगेच मेल लिहायला बसू नका. आधी माणसांशी बोला. गौरी जेवणाचा दिवस मनीषा आणि रूपालीला हलवता येत नाही, तिकडे संदेशचं आणि तेजसचं परतीचं ठरलेलं. अँथनीला तारीख बदलायची सक्ती नाही, त्याची रजा त्याने कमावलेली आहे. पण विचारल्यावर ३ तारीख चालेल असं तो म्हणाला, आणि ३ ला जागा होती. बदलानंतरचा तक्त्याचा हा तुकडा पाहा:

| | १ सप्टें. | २ सप्टें. | ३ सप्टें. | ४ सप्टें. |
|---|---|---|---|---|
| मनीषा | र | र | ह | ह |
| संदेश | र | र | र | ह |
| तेजस | र | र | र | ह |
| फरीदा | ह | ह | ह | ह |
| अँथनी | ह | ह | ब | ह |
| वैभव | ह | ह | ह | ह |
| रूपाली (पुणे) | र | र | ह | ह |
| किरण (पुणे) | ह | ह | ह | ह |
| हजर | ४ | ४ | ५ | ८ |
| किमान | ४ | ४ | ४ | ४ |

कागदावर सगळं जमलं. तरी १ आणि २ तारखेला एकही माणूस जास्तीचा नाही. पावसाळ्याचे दिवस, एकाला ताप आला की गणित कोसळलं. टीम लीडला सांगायची गोष्ट हीच, आणि मेल लिहायची ती हिच्यासाठी.

मेल लिहिण्याआधी फाइल जोडून घ्या. आधी मजकूर, मग ‘सोबत तक्ता जोडला आहे’ हे वाक्य, आणि मग न जोडताच पाठवणं, असं फार वेळा होतं. पाठवायचा पत्ता सगळ्यात शेवटी भरला, तर अर्धवट मेल चुकून जातही नाही. फाइलच्या नावात पंधरवडा आणि आवृत्तीचा क्रमांक असू द्या: `raja_25Aug-7Sep_v1.xlsx`. फाइलऐवजी दुवा पाठवणार असाल, तर तो समोरच्याला उघडता येतो ना, हे आधी बघा.

आपल्या टीमची मेल अशी गेली:

*विषय: गणपती रजा तक्ता, २५ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर (१ व २ सप्टेंबरसाठी आपला निर्णय हवा)*

*नमस्कार मॅडम,*

*पंधरवड्याचा रजेचा तक्ता सोबत जोडला आहे. आठही जणांनी तारखा कळवल्या आहेत आणि रोजची किमान संख्या पूर्ण होते.*

*१ आणि २ सप्टेंबरला मात्र नेमके चारच जण आहेत. या दोन दिवसांसाठी शेजारच्या टीममधला एक जण गरज पडल्यास मिळेल का? शुक्रवारपर्यंत कळवलंत तर सगळ्यांना रजा पक्क्या झाल्याचं सांगता येईल.*

*२७ ऑगस्टला काम करणाऱ्या फरीदा आणि अँथनी यांच्या बदली रजेला आपली मंजुरी हवी आहे. अँथनीने ती ३ सप्टेंबरला मागितली आहे, फरीदा तारीख नंतर कळवतील.*

मेल फोनवर वाचली जाते, आणि बारा-चौदा रकान्यांचा तक्ता फोनवर अर्धाच दिसतो. म्हणून अडचणीचे दिवस मजकुरात शब्दांत लिहायचे. फाइल न उघडताही निर्णय देता आला पाहिजे. काय हवं आणि कधीपर्यंत, हे विषयात आणि पहिल्या काही ओळींतच यावं.

पाठवल्यावर तक्ता संपत नाही. त्या वर्षी शुक्रवारी ५ सप्टेंबरला ईद-ए-मिलादची सुट्टी होती. अनंत चतुर्दशी लगेच दुसऱ्या दिवशी असल्यामुळे जुलूस ८ तारखेला काढायचं ठरलं, आणि मुंबई शहर व उपनगर या जिल्ह्यांत शासनाने सणाच्या तोंडावर सुट्टी ५ ऐवजी ८ सप्टेंबरला केली. बाकी राज्यात ती ५ लाच राहिली. शासकीय बदल आपलं कार्यालय पाळतं का, हे मनुष्यबळ विभागाला विचारावं लागतं. आपल्या उदाहरणात पाळलं, असं धरू.

मग पहिल्या तक्त्यात ‘सु’ असलेली ५ तारीख मुंबईच्या सहा जणांसाठी कामाची झाली आणि गरज दोनवरून चारवर गेली. फरीदाने आपली बदली रजा त्या दिवशी घेतली. पुण्याच्या दोघांना मात्र सुट्टीच राहिली. हजर पाच, म्हणजे निभावलं. पण सोमवारी ८ ला मुंबईचे सगळे सुट्टीवर, आणि फोन घ्यायला पुण्याचे फक्त दोघं. सुट्टीच्या दिवसाची किमान गरज दोन, म्हणजे तक्त्याबाहेरच्या तारखेलाच पुन्हा एकही माणूस जास्तीचा नाही.

अशा वेळी जुन्या फाइलमध्ये गुपचूप बदल करू नका. `v2` नावाने नवी फाइल करा, ८ सप्टेंबरचा रकाना वाढवा, बदललेली घरं रंगवा आणि आधीच्याच मेलला उत्तर म्हणून पाठवा. पहिल्या ओळीत लिहा: “फक्त ५ आणि ८ सप्टेंबर बदलले आहेत, बाकी तक्ता तसाच आहे, कृपया पहिली फाइल वापरू नये.” रूपाली आणि किरणला मात्र मेलवर न सोडता फोन करा, कारण ८ ची सगळी भिस्त त्या दोघांवर आहे.