भिंतीचे दोन आकडे

नागपुरातल्या एका घराची पश्चिमेकडील भिंत उन्हाळ्यात फार तापते. तिला आतून थर्मोकोल लावावा की पॉलियुरेथेनचा फेस, असा प्रश्न आहे असे समजा. थर्मोकोलची उष्णतावाहकता सुमारे ०.०३६, तर फेसाची ०.०२४ असते. आकडा लहान, म्हणून फेसच चांगला, असे तुम्ही चटकन म्हणाल. पण दुकानात फेसाचा तक्ता ३ सेंटिमीटर जाडीचा आहे आणि थर्मोकोलचा ५ सेंटिमीटर. आता काय?

उष्णतावाहकता हा पदार्थाचा गुण आहे. एक मीटर जाड व एक चौरस मीटर क्षेत्रफळाच्या ठोकळ्याच्या दोन बाजूंच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल, तर त्यातून जितके वॅट उष्णता वाहील तितकी त्याची वाहकता. तुमच्या तक्त्याची जाडी किती, हे तिला ठाऊकच नसते!

यू-मूल्य मात्र संपूर्ण भिंतीचे असते. आतल्या व बाहेरच्या हवेत एका अंशाचा फरक असताना भिंतीच्या एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता पार होते, हे ते सांगते. ते काढायला प्रत्येक थराची मीटरमधील जाडी त्याच्या वाहकतेने भागावी. हा त्या थराचा रोध. सर्व रोधांची बेरीज करून तिने १ ला भागले, की यू-मूल्य मिळते.

आपल्या भिंतीत २३ सेंटिमीटर वीटकाम आहे. विटांची वाहकता ०.८ धरली, तर रोध ०.२९ येतो. दोन्हीकडच्या गिलाव्याचा रोध ०.०४. भिंतीला दोन्ही बाजूंनी बिलगून असलेले हवेचे पातळ थरही उष्णता अडवतात, त्यांचा ०.१७. बेरीज ०.५०, म्हणून उघड्या भिंतीचे यू-मूल्य २.

थर्मोकोलचा रोध १.३९. तो मिळवल्यावर यू-मूल्य ०.५३ होते. फेसाचा रोध १.२५ आणि यू-मूल्य ०.५७. म्हणजे पैज थर्मोकोलने जिंकली, तीही केवळ जाडीच्या जोरावर! बाहेर ४० व आत २८ अंश असताना दहा चौरस मीटर उघड्या भिंतीतून २४० वॅट उष्णता आत येईल, थर्मोकोल लावल्यावर सुमारे ६४. (भिंतीवर थेट ऊन पडले तर दोन्ही आकडे वाढतील.)

मग वाहकतेचा आकडा निरुपयोगी का? मुळीच नाही. खोली अरुंद असेल, तर थर्मोकोलच्या ५ सेंटिमीटरांचे काम फेस ३.३ सेंटिमीटरांतच करतो, हे त्यावरूनच कळते. फक्त तो आकडा ताज्या फेसाचा आहे की जुन्या, हे विचारावे. फेसाच्या बारीक कप्प्यांत हवेहूनही मंदवाहक वायू कोंडलेला असतो. वर्षे जातात तशी त्याची जागा हवा घेते. वाहकता ०.०२८ झाली, तर आपल्या ३ सेंटिमीटर फेसाच्या भिंतीचे यू-मूल्य ०.६४ वर जाते.